आठ कोअरचा फोन, पण मोठे कोअर किती?

परभणीच्या स्टेशन रोडवर मोबाईल घ्यायला गेलात की दुकानदार आधी सांगतो, "ऑक्टा-कोअर आहे, साहेब." कोअर म्हणजे फोनच्या चिपमधला हिशेब करणारा एक स्वतंत्र भाग. आठ कोअर हे खरं असतं, पण त्यावरून फोनचा वेग कळत नाही. ते आठ कोणत्या जातीचे आहेत, हे विचारायला हवं.

स्वस्त फोनमधल्या दोन चिप पाहू. मीडियाटेक हेलिओ पी३५ मध्ये आठही कोअर कॉर्टेक्स-ए५३ हे लहान कोअर आहेत, चार २.३ गिगाहर्ट्झचे, चार १.८ चे. म्हणजे गट दोन, पण जात एकच. हेलिओ जी८५ मध्ये सहा लहान ए५५ आणि दोन मोठे ए७५ आहेत, आणि हे मोठे फक्त २.० गिगाहर्ट्झचे. पेटीवरचा आकडा पाहिला तर पी३५ वरचढ. तरीही ॲप जी८५ वर लवकर उघडतं.

कारण गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती ठोके, एका ठोक्यात किती काम होतं ते नव्हे. लहान कोअर सूचना आल्या त्याच क्रमाने घेतो. रेशनच्या रांगेत पुढच्याचा अंगठा मशीनवर उमटेना, की मागचे सगळे खोळंबतात, तसं त्याचं होतं: मेमरीतून माहिती यायला वेळ लागला की पुढचं काम थांबतं. मोठा कोअर अडलेली सूचना बाजूला ठेवून मागच्या तयार सूचना उरकून घेतो. या सोयीसाठी लागणारी जागा आणि वीज मात्र जास्त.

ॲप उघडणं, सातबाऱ्याचं पान लोड होणं, यातलं बरंच काम एकापाठोपाठ एक चालतं. ते आठ जणांत वाटता येत नाही, त्यामुळे एका कोअरची ताकदच कामी येते. स्क्रीन बंद करून गाणी ऐकताना किंवा व्हॉट्सॲपचा संदेश येताना लहान कोअर पुरतात. ते कमी व्होल्टेजवर चालतात, आणि विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, म्हणून बॅटरी टिकते. कोणतं काम कुठे पाठवायचं हे अँड्रॉइडच्या गाभ्यातला शेड्यूलर ठरवतो, आपण नाही.

मे महिन्यात आपल्याकडे पारा बेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा ही मांडणी हाताला जाणवते. बांधावर उन्हात व्हिडिओ कॉल लावला की चिप तापते आणि फोन कोअरचा वेग उतरवतो. सर्वाधिक उष्णता मोठे कोअर करतात, म्हणून आधी तेच दबतात. सकाळी चपळ असलेला फोन दुपारी अडखळतो आणि सावलीत थंड झाला की सुधारतो. असं होत असेल तर फोन बिघडलेला नाही. दिवसभर, गारव्यातही संथच असेल, तर मात्र कारण दुसरीकडे शोधा. बहुधा रॅम कमी असते किंवा स्टोरेज भरलेलं असतं.

घ्यायच्या आधी दुकानातल्या डेमो फोनवर CPU-Z हे मोफत ॲप टाकून SOC पान उघडा. तिथे कोअरची नावं आणि संख्या दिसतात. ए५३ किंवा ए५५ हे लहान. ए७३, ए७५, ए७६, ए७८ हे मोठे. सगळीकडे ए५३ च दिसला, तर त्या फोनमध्ये मोठा कोअर एकही नाही.