तक्त्यावर लाल रंग कधी भरायचा?

चोपड्यासारख्या तालुक्याच्या गावी मधुमेह आणि रक्तदाबाचा एक दवाखाना आहे असं धरू. आठवड्याला ८० जणांना वेळ दिलेली असते. दर सोमवारी भिंतीवर लागणाऱ्या तक्त्यात वीस आकडे भरले, तर तो कुणी वाचत नाही. मी दोनच गोष्टी ठेवेन: वेळ घेऊनही किती जण आले नाहीत, आणि आलेल्यांना किती थांबावं लागलं.

थांबण्याची सरासरी मात्र काढू नये. नऊ जण २० मिनिटं थांबले आणि एक आजीबाई दोन तास बसून राहिल्या, तर सरासरी येते ३० मिनिटं. तेवढं कुणीच थांबलेलं नसतं! त्यापेक्षा दहापैकी नऊ जणांचा नंबर किती मिनिटांत लागला, ते लिहावं. मोजणी केसपेपर निघाल्यापासून करायची, नाहीतर बाकड्यावरचा वेळ हिशेबात येतच नाही.

आता गैरहजेरी. ‘२० टक्क्यांच्या वर गेली की लाल’ अशी मर्यादा ठेवण्याचा मोह होतो. पण नेहमीचं प्रमाणच २० टक्के, म्हणजे ८० पैकी १६ असेल, तर जवळपास निम्मे आठवडे उगाच लाल होतील. वॉल्टर श्यूहार्ट यांनी १९२४ मध्ये टेलिफोनची यंत्रसामग्री बनवणाऱ्या कारखान्यासाठी आखलेला नियंत्रण आलेख इथे कामी येतो; नेहमीचा चढउतार कुठपर्यंत जातो, त्याच्या मर्यादा तो दाखवतो. ८० × ०.२ × ०.८ म्हणजे १२.८, त्याचं वर्गमूळ साधारण ३.६ हा आठवड्यागणिक होणारा नेहमीचा चढउतार, आणि त्याची तिप्पट जवळपास ११. नेहमीच्या १६ मध्ये ते मिळवले की वरची मर्यादा, वजा केले की खालची. म्हणून २७ किंवा जास्त जण गैरहजर राहिले, तरच लाल. वीस जण आले नाहीत म्हणून कंपाउंडरला बोलावून झापण्यात अर्थ नाही. पाच किंवा त्याहून कमी गैरहजर दिसले, तर आधी रजिस्टर नीट भरलंय का ते बघावं.

दुसरी खूण जास्त उपयोगाची. समजा, कापूस वेचणीच्या दिवसांत आकडे असे आले: १८, १९, २१, १७, २०, १८, २२, १९. एकही २७ च्या जवळ नाही, पण सलग आठही आठवडे १६ च्या वर आहेत. निव्वळ योगायोगाने असं घडण्याची शक्यता २५६ त एकापेक्षाही कमी. मग गावनिहाय नावं पाहिली. वेचणीला जाणारे लोक दिलेली वेळ चुकवून बाजाराच्या दिवशी येत होते, आणि त्याच दिवशी थांबण्याचा आकडाही फुगत होता. फोनवर आठवण करून देण्यापेक्षा त्यांना बाजाराच्याच दिवसाची वेळ देणं आणि त्या दिवशी इतरांच्या वेळा कमी करणं, हा उपाय सरळ होता.

या गणितात एक गृहीतक आहे: प्रत्येक जण आपापल्या कारणाने चुकतो. पण सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरून दहा जण एकाच काळीपिवळीत येतात आणि ती बंद पडली, की दहाही जण एकदम गैरहजर. तिथे आठवड्यागणिक चढउतार सूत्रापेक्षा मोठा निघतो. म्हणून आधीच्या वीस-पंचवीस आठवड्यांचे आकडे या मर्यादांवर ठेवून बघावेत. ठोस कारण नसताना त्यातले चार-पाच बाहेर पडत असतील, तर मर्यादा सूत्रावरून न काढता त्या आकड्यांच्या प्रत्यक्ष चढउतारावरूनच काढाव्या लागतात.