एका काहिलीत तिन्ही उत्तरं

चित्र दाखवून ‘उष्णता कशानं पोचते: वहन, अभिसरण की प्रारण?’ असं विचारायचं, तर आपल्या निपाणी-चिकोडीकडच्या पोरांना चहाच्या पातेल्याऐवजी गुऱ्हाळ दाखवावं. तिथं एका काहिलीत तिन्ही उत्तरं सापडतात, आणि त्यातलं एक रस आटता आटता बदलतं.

चुलवाणाच्या तोंडाशी चिपाडं सारणाऱ्या माणसाचं तोंड भाजून निघतं. पुष्कळजण म्हणतात, गरम हवा लागते म्हणून. पण गरम हवा धुराड्याकडे ओढली जाते, आणि तिची जागा घ्यायला बाहेरची गार हवा चुलवाणाच्या याच तोंडातून आत शिरते. म्हणजे त्याच्या पाठीकडून आगीकडे वारा वाहतोय, तरी तोंड भाजतं. म्हणून हे अभिसरण नव्हे. वहनही नव्हे, कारण हवा उष्णता फार सावकाश नेते, लोखंडाच्या मानाने दोन हजार पटींनी कमी. उरलं प्रारण. खात्री करायची तर तोंडापुढं एक फळी धरा, झळ त्याच क्षणी थांबते.

काहिलीच्या तळाला जाळाची उष्णता प्रारणानं आणि वर जाणाऱ्या गरम वायूंतून अशी दोन्हीकडून मिळते. तळाच्या पत्र्यातून ती रसापर्यंत पोचते ते वहनानं. पत्रा पातळ, त्यामुळं इथं वेळ जात नाही.

खरी गंमत रसात आहे. सुरुवातीला रस पाण्यासारखा पातळ. तळचा तापला की प्रसरण पावतो, हलका होऊन वर येतो, वरचा गार रस खाली जातो. हे अभिसरण, आणि ते फुकटात ढवळण्याचं काम करतं. भेंडीचा रस घातल्यावर मळी वर येते, त्यालाही या प्रवाहाचा हातभार लागतो.

पण पाणी उडून काकवी होत जाते तसा रस चिकट होतो. तळचा तापलेला थर आता वर सुटू शकत नाही. अभिसरण मंदावतं, आणि दाट रसातून उष्णता पुढं सरकायला मुख्यतः वहनच उरतं. ते इतकं धिमं की वरचा रस अजून ठीक असतो, तेव्हा पत्र्याला लागलेली साखर करपायला लागते. गूळ काळपट पडतो, चवीला कडवट लागतो. म्हणून शेवटी गुळव्या जाळ कमी करायला सांगतो आणि लांब दांड्याचं फावडं तळापर्यंत घालून ढवळत राहतो. थांबलेलं अभिसरण तो हातानं करतो, असं मी म्हणेन. पाक साधारण ११८ अंश सेल्सिअसला आला की थेंब गार पाण्यात टाकून गोळी होते का ते बघतात, आणि काहील लगेच उतरवतात. आणखी तापत राहिला तर सगळा पाक बिघडू शकतो.

साच्यात ओतलेल्या ढेपेत तर आत काही वाहतच नाही. बाहेरून ती हवेनं आणि प्रारणानं निवते, पण गाभ्यातली उष्णता फक्त वहनानं बाहेर येते. त्यामुळं वरून हाताला गार लागणारी ढेप फोडली, तर आत गरम निघू शकते.