पानांवरची भुरी, तांबेरा आणि काजळी

भुरी, तांबेरा आणि काजळी हे तिन्ही पानांवर येणारे बुरशीचे थर. भुरी पांढरी, तांबेरा नारिंगी आणि काजळी काळी, इतकं तर रंगावरूनच कळतं, पण मुंबईत नुसत्या रंगावर गेलं की गडबड होते, कारण इथे पानावरचं पांढरं म्हणजे शेजारच्या टॉवरच्या बांधकामाची धूळ असू शकते आणि काळं म्हणजे रस्त्यावरच्या गाड्यांचा धूर. त्यामुळे रंग बघून झाला की थर पानाला कसा धरून बसलाय ते बघायचं, खरी ओळख तिथे पटते.

तिघांचा पानाशी संबंध वेगवेगळा आहे. भुरीची बुरशी पानाच्या पृष्ठभागावर पसरते आणि तिथूनच वरच्या पेशींमध्ये शोषणारे बारीक अवयव घुसवते, म्हणजे राहते बाहेर आणि खाते आतलं. तांबेऱ्याची बुरशी पानाच्या आतच वाढते आणि बीजाणू तयार झाले की पानाची साल फोडून बाहेर येते. काजळी मात्र पानात शिरतच नाही, ती झाडाला खातही नाही, रस शोषणाऱ्या किडी जो गोड चिकटा टाकतात त्यावर ती जगते. हे एकदा लक्षात आलं की ओल्या पांढऱ्या टिश्यूने पान पुसून बघायचं, वर आणि खाली दोन्हीकडून, आणि पुसल्यावर खाली काय उरतं ते नीट बघायचं.

भुरी सुरुवातीला लहान गोल ठिपक्यांनी येते, मग ते एकमेकांत मिसळून अख्खं पान पिठूळ होतं. बहुतेक वेळा वरच्या बाजूला दिसते पण खालीही असू शकते, आणि कोवळे शेंडे धरले तर पानं वाकडी होतात. पुसली की बरीचशी निघते, पण खालचं पान जुन्या डागांच्या जागी फिकट, पिवळसर झालेलं दिसतं आणि काही दिवसांत थर पुन्हा येतो. धूळ अशी गोल ठिपक्यांत बसत नाही, ती रस्त्याच्या बाजूच्या सगळ्या झाडांवर, कुंडीच्या कडेवर, ग्रिलवर सारखीच बसते आणि पुसल्यावर खाली छान हिरवं पान असतं. दुसरा गोंधळ पिठ्या ढेकणाचा, तोही पांढरा, पण तो कापसाच्या पुंजक्यासारखा देठाच्या बेचक्यात आणि शिरांच्या कडेने असतो आणि चिरडला की बोटाला ओलं, चिकट लागतं, भुरी कोरडीच असते.

भुरीच्या बीजाणूला रुजायला पानावर पाणी साचलेलं लागत नाही, उलट जोरदार पावसात ती धुवून जाते, त्यामुळे जुलैत उघड्यावरच्या झाडावर पांढरं दिसलं तर आधी दुसरं काहीतरी असेल असं धरून चालावं. मुंबईत तिचा खरा सीझन डिसेंबर ते फेब्रुवारी, रात्री जरा गार आणि दिवसा कोरडं ऊन असतं तेव्हा, गुलाब, भेंडी, दुधी, काकडी आणि आंब्याचा मोहोर यांच्यावर.

तांबेऱ्यासाठी मुंबईतलं सगळ्यात सोपं उदाहरण म्हणजे सोसायटीच्या कंपाउंडमधला चाफा, तो पांढऱ्या-गुलाबी फुलांचा, ज्याचं पान तोडलं की चीक येतो. पावसाळ्याच्या उत्तरार्धात त्याच्या पानांवर वरून बारीक पिवळे ठिपके दिसतात आणि लोकांना वाटतं खत कमी पडलं. पान उलटं केलं की सगळा उलगडा होतो, प्रत्येक ठिपक्याच्या बरोबर खाली नारिंगी पुटकुळी असते आणि बोट फिरवलं तर हळदीसारखी पूड बोटाला लागते. टिश्यूवरही नारिंगी डाग उमटतो. पूड निघाली तरी पुटकुळ्या तशाच राहतात, बोटाला खरखरीत लागतात, कारण पानाची साल तिथे फाटलेली असते. पुढे ठिपके तपकिरी होतात आणि पानं लवकर गळतात. या बुरशीला रुजायला पानावर काही तास ओल लागते, म्हणून ती पावसात वाढते, आणि ती चाफ्याचीच आहे, बाजूच्या गुलाबावर जात नाही, त्यामुळे घाबरून सगळ्या कुंड्यांवर फवारणी करण्यात काही अर्थ नाही, गळलेली पानं झाडाखालून उचलून टाकणं जास्त कामाचं.

इथे एक सावधगिरी. आंबा आणि पेरूच्या जाड पानांवर पावसाळ्यात वरच्या बाजूने नारिंगी-तपकिरी, मखमली, किंचित फुगीर गोल डाग येतात, त्यांनाही बरेचजण तांबेरा म्हणतात. ते एक शैवाळ आहे. बोटाला पूड लागत नाही, यावरून पटकन ओळखता येतं. उलट माठाच्या पानाखाली पांढरे फोड येतात त्या रोगाला पांढरा तांबेरा म्हणतात, तोही चाफ्याच्या तांबेऱ्यापेक्षा अगदी वेगळ्या गटातला, आणि पांढरा असूनही भुरी नाही, कारण फोड सालीच्या आत असतात आणि पुसून जात नाहीत.

काजळीत मात्र पान बघून थांबायचं नाही, वर बघायचं. समजा तिसऱ्या मजल्यावरच्या ग्रिलमधली जास्वंद आहे, खालची पानं वरून काळी पडलीत आणि घरचे म्हणतायत रस्त्याचा धूर आहे. टिश्यूने पुसलं तर काळं निघतं आणि खाली स्वच्छ हिरवं पान, म्हणजे भुरी-तांबेरा दोन्ही बाद, पण धूर अजून बाद नाही. मग बोट लावायचं, पान चिकट लागतं का? काळ्या पानांच्या कडेने मुंग्या फिरतायत का? खालची ग्रिलची पट्टी आणि कुंडीची कडाही तशीच चिकट काळी आहे का? हे सगळं हो असेल तर ती काजळी, कारण चिकटा वरून थेंबाथेंबाने पडतो आणि जिथे पडेल तिथे बुरशी वाढते, तिला जास्वंदच हवी असं काही नसतं. आता वरची पानं उलटी करून बघायची, बहुतेक वेळा खालच्या बाजूला पांढरी माशी, मावा नाहीतर पिठ्या ढेकूण सापडतो. अख्ख्या झाडावर एकही कीड नसेल तर खिडकीवर येणाऱ्या आंब्याच्या किंवा नारळाच्या फांदीकडे बघा, चिकटा तिथून गळत असणार. जुनी काजळी कोरड्या दिवसांत पातळ पापुद्रे होऊन सुटते, धूर कधी असा सुटत नाही.

काजळीने पानाला उजेड कमी मिळतो, एवढंच तिचं थेट नुकसान, म्हणून बुरशीनाशक मारणं हा तिच्यावरचा चुकीचा खर्च आहे, कीड घालवली आणि पानं पाण्याने पुसली की ती परत येत नाही. भुरीवर पाण्यात विरघळणारं गंधक चालतं, लिटरला २ ग्रॅम, पण कडक उन्हात मारलं तर पानं करपतात आणि काकडी-दुधीसारख्या वेलांना ते जास्त लवकर लागतं, तिथे आधी एखाद्या पानावर मारून बघावं.

सगळ्यात अवघड वेळ आंब्याच्या मोहोराची, कारण तेव्हा भुरी आणि काजळी एकाच झाडावर एकत्र येतात. मोहोराच्या दांड्यांवर आणि फुलांवर पांढरी पूड, तर तुडतुड्यांच्या चिकट्यामुळे खालच्या पानांवर काळा थर. अशा वेळी दोन्ही वेगवेगळे धरावे लागतात, मोहोरावर भुरीचा उपाय आणि तुडतुड्यांचा वेगळा, एकाच औषधाने दोन्ही जाणार नाहीत.