व्यापारी येणी : वर्षअखेरीनंतरच्या वसुलीवरून पडताळणी

उधारीवर विकलेल्या मालाचे ग्राहकांकडून यायचे पैसे म्हणजे व्यापारी येणी. ताळेबंदाच्या तारखेला ही येणी खरोखर होती का आणि दाखवली तेवढ्या किमतीची होती का, हे पुढच्या काही महिन्यांतील बँकेतील जमा, ग्राहकाच्या येण्यातून रक्कम कमी करणाऱ्या क्रेडिट नोटा आणि वादातील बिले पाहून ठरवण्याची ही लेखापरीक्षणातील पद्धत आहे. ग्राहकांकडे पाठवलेल्या शिल्लक-पुष्टीच्या पत्रांतून पुरेसा पुरावा मिळत नाही, तेव्हा तिचा आधार घेतला जातो.

ग्राहकाला थेट पत्र लिहून शिल्लक विचारण्याची सक्ती अमेरिकेत मॅकेसन अँड रॉबिन्स या औषध कंपनीच्या प्रकरणानंतर आली. १९३८ मध्ये उघडकीस आलेल्या त्या घोटाळ्यात सुमारे ९० लाख डॉलरची येणी खोटी निघाली होती. भारतात हे काम एसए ५०५ या लेखापरीक्षण मानकानुसार चालते. प्रत्यक्षात बरीच पत्रे अनुत्तरित राहतात. सरकारी खाती सहसा उत्तर देत नाहीत आणि छोट्या विक्रेत्यांची वही वेळेवर पूर्ण नसते. आलेल्या उत्तरांपैकीही काहींवर नुसता शिक्का आणि सही असते, काही कंपनीच्या विक्री प्रतिनिधीमार्फत येतात. अशा उत्तराला न आलेल्या उत्तराहून फार जास्त वजन देऊ नये.

वर्षअखेरीनंतरची वसुली तपासताना सुरुवात बँकेच्या विवरणापासून करावी लागते, कंपनीच्या जमाखात्यापासून नव्हे. ३१ मार्चनंतर आलेल्या रकमेचा यूटीआर म्हणजे बँक हस्तांतरणाचा क्रमांक, पाठवणाऱ्याचे नाव आणि तारीख पाहायची. चेक असेल तर तो वटला का, तेही पाहायचे, कारण परत आलेल्या चेकची नोंद महिनाभराने उलटवलेली सापडते. मग ही रक्कम कोणत्या बिलापोटी आली, हा प्रश्न येतो, आणि या पद्धतीचा सगळा कस त्याच्या उत्तरात लागतो. मेमध्ये आलेले पैसे एप्रिलच्या बिलाचे असतील, तर ३१ मार्चच्या शिल्लकेबद्दल ते काहीच सांगत नाहीत.

लेखा विभाग बहुधा आलेली रक्कम सर्वांत जुन्या बिलावर आपोआप चढवतो किंवा कोणत्याच बिलाशी न जोडता टॅलीत ‘ऑन अकाउंट’ ठेवतो. कायद्याचा क्रम मात्र वेगळा आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ५९ प्रमाणे पैसे देणाऱ्याने ते कशापोटी दिले हे सांगितले असेल किंवा परिस्थितीवरून तसे दिसत असेल, आणि घेणाऱ्याने ते स्वीकारले, तर ते त्याच देण्यापोटी धरावे लागतात. देणाऱ्याने काही सूचित केले नसेल तर कलम ६० खाली घेणाऱ्याला निवडीची मुभा मिळते. दोघांनीही काही ठरवले नसेल तरच कलम ६१ प्रमाणे जुने आधी फिटते. म्हणून पैसे कोणत्या बिलापोटी दिले हे सांगणारी ग्राहकाची देयक-सूचना मागवणे अत्यावश्यक आहे. ती न पाहता केलेली तपासणी अपुरी समजावी.

जळगावकडच्या एखाद्या पीव्हीसी पाइप कारखान्याचे कल्पित उदाहरण घेऊ. एका डीलरकडे ३१ मार्चला ४८ लाख रुपये येणे दिसते : जानेवारीचे बिल १४ लाख, फेब्रुवारीचे १६ लाख आणि २८ मार्चचे १८ लाख. पुष्टीपत्राला उत्तर नाही. एप्रिल ते जूनमध्ये बँकेत १४, १० आणि ९ असे ३३ लाख आले. कंपनीच्या तक्त्यात ही सारी रक्कम जुन्या बिलांवर चढवलेली आहे, त्यामुळे जानेवारी आणि फेब्रुवारी पूर्ण फिटून मार्चपोटीही ३ लाख आल्याचे दिसते. देयक-सूचना पाहिल्यावर चित्र पालटते. जूनचे ९ लाख डीलरने एप्रिलच्या नव्या बिलापोटी, रोख सवलत मिळावी म्हणून दिले होते. जुन्या शिल्लकेपोटी आले फक्त २४ लाख. फेब्रुवारीच्या बिलातले ६ लाख त्याने अडवून ठेवले आहेत, कारण काही पाइप दाबचाचणीत फुटल्याची तक्रार त्याने मार्चमध्येच लिहून पाठवली होती. नव्या बिलांचे पैसे वेळेवर येत असल्याने जुना वाद वसुलीच्या तक्त्यात दिसेनासा झाला होता.

याच डीलरच्या दोन क्रेडिट नोटा निघतात : एप्रिलमध्ये १ लाख २० हजारांची, जानेवारी ते मार्चच्या विक्रीवरील दरफरकाची, आणि मेमध्ये ६ लाखांची, २८ मार्चच्या बिलातला माल परत आल्याची. दोन्ही कागद नव्या वर्षातले असले, तरी कारण मागच्या वर्षातले आहे. त्यामुळे ताळेबंदानंतरच्या घटनांविषयीच्या इंड एएस १० या लेखा मानकाच्या तत्त्वाने त्यांचा परिणाम मागच्या वर्षाच्या हिशेबात घ्यावा लागतो, आणि परत आलेल्या मालाचा खर्च विकलेल्या मालाच्या खर्चातून काढावा लागतो. ४८ लाखांतून हे ७ लाख २० हजार गेले की ४० लाख ८० हजार उरतात. त्यातले २४ लाख आलेले आहेत, ६ लाख वादात आहेत. उरलेल्या १० लाख ८० हजारांसाठी २८ मार्चच्या बिलाची बिल्टी, ई-वे बिल आणि डीलरच्या गोदामाची पोच पाहावी लागते. एका बिलातला एक तृतीयांश माल दोन महिन्यांत परत येतो, तेव्हा मार्चअखेरचे विक्रीचे लक्ष्य गाठण्यासाठी ‘घेऊन ठेवा, नाही खपला तर परत करा’ असे ठरले होते का, हे विक्री विभागाच्या ईमेलमध्ये शोधावे.

क्रेडिट नोटांचा शोध केवळ त्यांच्या नोंदवहीपुरता ठेवून चालत नाही. कंपनी हिशेबावर सह्या होईपर्यंत नोट काढणे लांबवू शकते, आणि जीएसटी कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे मागच्या आर्थिक वर्षातील पुरवठ्याची नोट पुढच्या ३० नोव्हेंबरपर्यंत जाहीर करता येत असल्याने तेवढा अवकाशही मिळतो. त्यामुळे कारखान्याच्या गेटवरची परत मालाची आवक-नोंद, गुणवत्ता विभागाच्या तक्रारी आणि डीलरने रक्कम कापल्याचे कळवणाऱ्या डेबिट नोटा आधी पाहाव्यात. माल गेटमधून आत आला आणि नोट निघाली नाही, ही विसंगती गेटच्या वहीत सापडते.

वादातील ६ लाखांचे दोन प्रश्न आहेत. पहिला मांडणीचा : कंपनी कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीप्रमाणे येण्यांच्या वयवारीच्या तक्त्यात वादातील आणि निर्विवाद येणी वेगळी दाखवावी लागतात. कंपनीचा तक्ता ती सगळी निर्विवाद दाखवत असेल तर तक्ताच चुकीचा. दुसरा किमतीचा. पाइप खरोखर सदोष असतील तर ही रक्कम बुडीत कर्जाच्या अपेक्षित तोट्यात धरण्याऐवजी विक्रीतूनच कमी व्हायला हवी, कारण इथे ग्राहकाची ऐपत नव्हे तर देणे लागते की नाही हेच वादात आहे. व्यवस्थापन ‘सवयीचे आहे, देईल’ म्हणते, तेव्हा याच डीलरच्या आधीच्या अशा तक्रारींचे शेवटी काय झाले ते पाहिले की अंदाजाला आधार मिळतो.

बँकेत पैसा आला एवढ्यावरही थांबता येत नाही. पाठवणारा वेगळाच असेल, रक्कम गोल असेल आणि आसपासच्या दिवसांत कंपनीकडून तेवढीच रक्कम एखाद्या संबंधित संस्थेला गेली असेल, तर स्वतःचाच पैसा फिरवून येणी फिटल्याचे दाखवलेले असू शकते. जमेइतकेच बारकाईने नावेच्या बाजूकडे पाहावे लागते. वहीत नोंदच न झालेली येणी या पद्धतीने सहसा सापडत नाहीत, कारण ही पद्धत नोंदलेल्या शिल्लकेपासूनच सुरू होते. आणि उत्तरासह पुष्टीपत्र मिळवणे परिस्थितीमुळेच अनिवार्य असेल, उदाहरणार्थ विक्रीच्या तोंडी अटींवर सगळे अवलंबून असेल, तर एसए ५०५ नुसार पर्यायी तपासणी पुरेशी ठरत नाही. तिथे उत्तर न मिळाल्यास लेखापरीक्षकाला आपल्या अहवालातील मतावरचा परिणाम ठरवावा लागतो.