सातशेचा बूट की साडेतीन हजारांचा? भागायचं कशाने ते आधी बघा

"महाग घे पण टिकाऊ घे" असं घरात सगळेच सांगतात आणि हिशोबही सोपा वाटतो, बुटाची किंमत भागिले किती वेळा घातला, झालं, एका वापराचा खर्च मिळाला. पण खरी गडबड त्या भागाकाराच्या खालच्या आकड्यात असते, कारण बूट कधी आणि कशामुळे मरतो हे कळल्याशिवाय तो आकडा लिहिताच येत नाही.

एक उदाहरण घेऊ (आकडे अंदाजाचे आहेत, तुम्ही तुमचे टाका). ऑफिसला वर्षात 250 दिवस बूट लागतात. सातशेचा पीव्हीसी सोलचा, नुसता चिकटवलेला बूट सहा महिने टिकला तर 125 वापर, म्हणजे एका वापराचे साधारण 5 रुपये 60 पैसे. दुसरा साडेतीन हजारांचा, चामड्याचा, रबरी सोल शिवलेला. त्याचा सोल दीड वर्षात झिजला आणि आपण तो टाकून दिला तर वापर झाले 375 आणि खर्च पडला 9 रुपये 30 पैसे, म्हणजे स्वस्तापेक्षा महागच! पण तोच बूट मोचीकडे नेऊन दर वेळी सहाशे रुपये देऊन दोनदा सोल बदलून घेतला आणि वरचं चामडं चार वर्षं टिकलं तर 4700 भागिले 1000, फक्त 4 रुपये 70 पैसे. म्हणजे महाग बूट जिंकतो तो दुरुस्तीमुळे, नुसत्या दणकटपणामुळे नाही. म्हणून घेताना बघायचं की सोल परत लावता येतो का. दोऱ्याने शिवलेला सोल उसवून बदलता येतो. काही बुटांवर मात्र टाके नुसते साच्यात उमटवलेले असतात, खरा दोरा नसतोच, तेव्हा नखाने टाका उचकून बघा आणि इनसोल निघत असेल तर खाली आतल्या बाजूने शिलाई दिसते का तेही बघा.

आता साडेतीन हजारांचाच दुसरा एक बूट लग्नकार्यासाठी घेतला, वर्षातून पंधरा वेळा घालायचा, बाकी वेळ डब्यात. वाटतं की असा तर वीस वर्षं जाईल. सोल रबरी असेल तर खूप वर्षं जाऊही शकतो, पण सोल पॉलियुरेथेनचा, म्हणजे दुकानदार ज्याला पीयू म्हणतात तो असेल, तर चार-पाच वर्षांनी डबा उघडल्यावर सोलचा चुरा हातात येऊ शकतो, न घालता! अनेकांना वाटतं की आपल्याला फसवलं, पण ही केमिस्ट्री आहे.

बुटाच्या पीयूमध्ये बऱ्याचदा एस्टर नावाचे रासायनिक बंध असतात. हवेतली वाफ फोममध्ये शिरते आणि पाण्याचा रेणू हा बंध तोडतो, यालाच हायड्रोलिसिस म्हणतात. बंध तुटला की एका टोकाला आम्ल तयार होतं आणि ते आम्ल पुढचे बंध तोडायला मदत करतं, त्यामुळे सुरुवातीची काही वर्षं काहीच दिसत नाही आणि मग एकदम सगळं ढासळतं. उष्णता आणि दमटपणा दोन्ही याला वेग देतात, त्यामुळे मुंबईत, कोकणात, गोव्यात हे लवकर होतं आणि कोरड्या हवेत उशिरा. ईथर प्रकारच्या पीयूला पाण्याचा त्रास बराच कमी होतो, पण दुकानात सोल बघून ते ओळखता येत नाही.

म्हणजे या बुटाला दोन घड्याळं लागलेली आहेत, एक वापराचं आणि एक वयाचं, जे आधी संपेल ते खरं. लग्नाच्या बुटाला पाच वर्षांत 75 वापर मिळाले तर एका वापराला जवळपास 47 रुपये पडले, तर सातशेचा पीव्हीसीवाला चार वर्षं चालला तरी 60 वापर, साधारण 12 रुपये. पीव्हीसी असा भुगा होत नाही, त्यातलं मऊ ठेवणारं रसायन हळूहळू निघून जातं आणि सोल कडक होऊन चिरतो, ओल्या फरशीवर घसरतोही, त्यामुळे पावसाळ्यात रोज वापरायला मी तो कुणाला सुचवणार नाही. पण वर्षातून पंधरा वेळा हॉलमध्ये जायला तोच स्वस्त पडतो, हे मान्य करायला हवं.

घरात पडलेला पीयूचा बूट कितपत शिल्लक आहे हे बघायचं असेल तर सोलच्या कडेला अंगठ्याचं नख दाबा. लगेच परत वर आला तर ठीक. चिकट लागला, खळगा तसाच राहिला किंवा वाकवल्यावर बारीक भेगा दिसल्या तर तो प्रवासाला किंवा ट्रेकला नेऊ नका, कारण भर वाटेत सोल निखळू शकतो. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवायची सवय असेल तर तीही सोडा, ओलसर बूट तसा बांधला की ओल आतच राहते. आणि पीयूचा नवा बूट घेताना सेलमध्ये खूप जुना स्टॉक निघाला असेल तर बनवल्याची तारीख विचारा, कारण त्याचं वयाचं घड्याळ गोदामातच सुरू झालेलं असतं.