लॅडर की स्ट्रक्चर्ड टेक्स्ट? कोकम सिरपची साखर मोजताना

यंत्रं चालवणाऱ्या पीएलसी या औद्योगिक संगणकाला सूचना द्यायच्या दोन भाषा: शिडीसारख्या चित्राची लॅडर आणि ओळीत लिहायची स्ट्रक्चर्ड टेक्स्ट. कुठली कधी वापरायची? गोव्यातल्या कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या कोकम सिरपच्या प्लांटची कल्पना करा. टाकीत 9 ब्रिक्सचा, म्हणजे 100 किलोत 9 किलो साखर असलेला, 200 किलो रस आहे, सिरप 65 ब्रिक्सचं हवंय. साखर किती घालायची? 200 × (65 − 9) ÷ (100 − 65), म्हणजे 320 किलो.

हे लॅडरमध्येही होतं. दोन वजाबाक्या, एक गुणाकार, एक भागाकार असे चार ब्लॉक आणि मधली उत्तरं ठेवायला तीन टॅग, म्हणजे नाव दिलेल्या मेमरीच्या जागा. पण सूत्र कुठेच सलग दिसत नाही. त्यात कुणी आधी भागाकार केला आणि टॅग पूर्णांकाचे असले, तर 56 ÷ 35 चं उत्तर 1.6 ऐवजी 1 येतं. साखर पडते 200 किलो आणि ब्रिक्स मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर 54.5 च्या आसपास अडतो. टॅग पूर्णांकी ठेवून आधी भागाकार केला तर स्ट्रक्चर्ड टेक्स्टही हाच घोळ घालेल, फक्त तिथे सगळं एका ओळीत असल्याने चूक लवकर सापडते:

```
Start_R(CLK := BatchStart);
IF Start_R.Q THEN
  SugarSet := Juice * (BxSet - BxIn)
              / (100.0 - BxSet);
END_IF;
```

इथे `Start_R` हा `R_TRIG` आहे, म्हणजे बॅच सुरू होताना एकदाच होकार देणारा ब्लॉक, आणि आकडे `REAL`, म्हणजे दशांशाचे. खरी गोम त्या `IF` मध्ये आहे. तो काढला तर पीएलसी हे गणित प्रत्येक स्कॅनला, म्हणजे प्रोग्रामच्या प्रत्येक फेरीला, करत राहतो. साखर विरघळते तसा ब्रिक्स वाढतो, आणि `BxIn` टाकीतल्या सेन्सरवरून येत असेल तर लक्ष्य खाली घसरत जातं. साखर लगेच विरघळते असं धरलं तर 122 किलोच्या आसपास पडलेली साखर आणि घसरलेलं लक्ष्य यांची गाठ पडते आणि फीडर थांबतो. स्क्रीनवर मात्र बॅच पूर्ण! `SugarSet` चा ट्रेंड उघडून पाहा. बॅच चालू असताना रेघ आडवी राहायला हवी, उतरत असेल तर दुखणं हेच. लॅडरमध्ये हीच अट वन-शॉट कॉन्टॅक्ट म्हणून रंगवर, म्हणजे शिडीच्या पायरीवर, दिसते, त्यामुळे ती विसरली तर निदान नजरेत भरते.

फीडर मोटर, व्हॉल्व्ह, झाकण उघडं असताना यंत्र चालू न देणारा इंटरलॉक हे मात्र मी लॅडरमध्येच ठेवतो. रात्रपाळीच्या इलेक्ट्रिशियनने लॅपटॉप जोडला की कुठला कॉन्टॅक्ट उघडा राहिलाय ते त्याला रंगावरून कळतं. लांबलचक `AND`–`OR` च्या ओळीत तेच शोधायला बसवणं म्हणजे त्याच्यावर अन्याय.

दोन्ही भाषा पीएलसीच्या भाषांच्या आयईसी 61131-3 या मानकातच आहेत, त्यामुळे बहुतेक पीएलसींवर एकाच प्रोजेक्टमध्ये नांदतात. वरचं गणित फंक्शन ब्लॉकमध्ये ठेवायचं आणि लॅडरच्या एका रंगवरून बोलवायचं. रसाचं वजन, दोन्ही ब्रिक्स आणि साखरेचं उत्तर ब्लॉकच्या पिनांवर दिसतं, आत शिरायची वेळ इलेक्ट्रिशियनवर क्वचितच येते.