लॅमोट्रिजिन चालू आहे आणि माला-डी पण घेताय? मग हे वाचाच

आमच्या मेडिकलमधून लॅमोट्रिजिन नेणाऱ्या बऱ्याच जणी तिशीच्या आतल्या आहेत, कोणाला फिट येतात म्हणून चालू आहे, कोणाला बायपोलरसाठी. त्यातल्या काही जणी पाळणा लांबवायच्या गोळ्याही घेतात, पण ती चिठ्ठी दुसऱ्या डॉक्टरांची असते नाहीतर माला-एन आशाताईंनी घरी आणून दिलेली असते, त्यामुळे दोन्ही औषधं एकत्र चालू आहेत हे कोणाच्याच लक्षात येत नाही. म्हणून हे पत्रक.

आधी डोस हळू का वाढवतात ते सांगतो, कारण काउंटरवर रोजचा प्रश्न तोच. दुसरं कुठलं फिटचं औषध चालू नसेल तर साधारण सुरुवात 25 मिलिग्रॅमने होते, रोज एक, दोन आठवडे. मग 50, परत दोन आठवडे. पाचव्या आठवड्यात 100 आणि पुढे डॉक्टर सांगतील तसं, बऱ्याच जणांचं 200 वर थांबतं. म्हणजे पूर्ण डोसला यायलाच दीड महिना जातो आणि तेवढ्यात लोक कंटाळतात, "आठ दिवस झाले, काहीच फरक नाही, दोन घेऊ का?" असं विचारतात. नाही, घेऊ नका. या औषधाने अंगावर जे रॅश येतं त्याचा धोका सुरुवातीचा डोस मोठा असला किंवा भराभर वाढवला की वाढतो, हे पक्कं माहीत आहे. सोबत व्हॅलप्रोएट हे फिटचं दुसरं औषध चालू असेल तर अजून हळू जातात, 25 ची गोळी एक दिवसाआड, कारण व्हॅलप्रोएटमुळे लॅमोट्रिजिन शरीरातून बाहेर पडायला जवळजवळ दुप्पट वेळ लागतो. त्यामुळे शेजारणीचा डोस बघून आपला ठरवायचा नाही.

आणि एक, मुंबईला गेलात, गोळ्या घरी राहिल्या आणि पाच दिवसांपेक्षा जास्त खंड पडला तर परत आल्यावर थेट 200 घ्यायची नाही. डॉक्टरांना फोन करा, बहुतेक वेळा परत 25 पासूनच चढावं लागतं.

आता रॅश. बहुतेक वेळा ते पहिल्या दोन ते आठ आठवड्यांत येतं. आपल्याकडे अडचण अशी की अंगावर काही उठलं की कारणं हाताशी तयार असतात, काजूचा चीक लागला, आंब्याचा डिंक उडाला, कोळंबी बाधली, घामोळं आलं. खरंच तसं असूही शकतं, बऱ्याच जणांचं साधं पुरळ असतं आणि जातं. पण साधं की वाईट हे पहिल्या दिवशी नुसतं बघून सांगता येत नाही, आम्हालाही नाही, म्हणून औषध नवीन असताना पुरळ आलं तर पुढची गोळी घेण्याआधी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, आमच्याकडून खाजेची गोळी घेऊन दोन दिवस वाट बघू नका. सोबत ताप असेल, तोंडात किंवा ओठांवर फोड, डोळे लाल होऊन चुरचुरतायत, तोंड सुजलंय, मानेत गाठी आल्यात, लघवीच्या जागी जखम, कातडी खाजण्याऐवजी दुखतेय किंवा फोड येऊन सोलतेय, यातलं एक जरी दिसलं तरी गाडी करा आणि सरळ मोठ्या हॉस्पिटलला जा, रात्र असली तरी. कधीकधी अंगावर काहीच नसतं, नुसता ताप आणि गाठी, तेही सांगायचं. जाताना लॅमोट्रिजिनची स्ट्रिप सोबत न्या. फिटसाठी घेत असाल तर औषध एकदम बंद झाल्यावर फिट यायची भीती असते, त्यामुळे बदली औषध काय द्यायचं हे डॉक्टर तिथेच ठरवतात. आणि जिला असं वाईट रॅश एकदा आलं तिने परत हे औषध "करून बघूया" म्हणून घ्यायचं नाही.

आता मूळ मुद्दा. आमच्याकडे येणाऱ्या एका ताईंचं लॅमोट्रिजिन 200 वर वर्षभर छान चाललं होतं, एकही फिट नाही. मग त्यांनी माला-डी सुरू केली. आम्ही दिली, आणि विचारलं नाही, ती आमची चूक, तेव्हापासून विचारतो. तिसऱ्या आठवड्यात त्यांना स्वयंपाकघरात फिट आली. गोळी एकही चुकली नव्हती. डॉक्टरांनी रक्तातली पातळी बघितली, आधीच्या रिपोर्टात 7 होती, आता 3.4.

झालं काय, तर लिव्हर लॅमोट्रिजिनला एका साखरेसारख्या पदार्थाची जोड लावून लघवीतून बाहेर काढतं आणि माला-डीतलं इस्ट्रोजेन ते काम जोरात चालू करतं. पातळी साधारण निम्म्यावर येते, तीही थोड्याच दिवसांत. म्हणजे 200 घेऊन 100 घेतल्यासारखं.

डॉक्टरांनी डोस वाढवला, आठवड्याला 50 करत 300. फिट थांबली, पण मग महिन्यातून एकदा ताईंना चक्कर यायला लागली, एकाचे दोन दिसायला लागले, चालताना तोल जायचा. माला-डीच्या पाकिटात 28 गोळ्या असतात, 21 पांढऱ्या आणि 7 तपकिरी. तपकिरी गोळ्यांत नुसतं लोह असतं, हार्मोन नाही. त्या आठवड्यात लिव्हरचा जोर उतरतो आणि लॅमोट्रिजिन चढत जातं, सातव्या दिवसापर्यंत जवळपास दुप्पट. वाढवलेला डोस पांढऱ्या गोळ्यांच्या वेळी बरोबर होता, तपकिरीच्या वेळी जास्त. म्हणूनच रक्त तपासायला जाल तेव्हा सकाळची गोळी घ्यायच्या आधी द्या आणि पाकिटातली कितवी गोळी चालू आहे ते चिठ्ठीवर लिहा, नाहीतर आकड्याचा काही अर्थ लागत नाही.

शेवटी ताईंनी कॉपर-टी बसवली. माला-डी बंद केल्यावर लॅमोट्रिजिनही उतरवावं लागलं, 300 वरून 250, मग 200, दोन आठवड्यांत, सगळं डॉक्टरांना विचारून. हे लोक विसरतात, पाळण्याची गोळी थांबवली की पातळी आपोआप वर जाते आणि चक्कर चालू होते. अंतरा इंजेक्शनमध्ये इस्ट्रोजेन नसतं, कंडोममध्ये तर प्रश्नच नाही, हेही पर्याय आहेत, पण निवड डॉक्टरांशी बोलून करा. काही जणींना डॉक्टर तपकिरी गोळ्या गाळून पांढऱ्या सलग देतात, म्हणजे पातळी वरखाली होत नाही, पण ते आपल्या मनाने करायचं नाही.

व्हॅलप्रोएट सोबत असेल तर हा फरक फारसा पडत नाही. आणि माला-डी आधीपासून चालू असताना लॅमोट्रिजिन नव्याने सुरू होत असेल तर पातळी कमी पडणार म्हणून पायऱ्या गाळायच्या नाहीत, 25 पासूनच चढायचं, शेवटचा डोस मात्र डॉक्टर जास्त ठेवू शकतात. पाळी गेल्यावर दिल्या जाणाऱ्या इस्ट्रोजेनच्या गोळ्यांनीही हेच होऊ शकतं, तेव्हा काकूंनीही सांगावं.

गौरी-गणपतीच्या आधी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मागायला गर्दी होते म्हणून वेगळं लिहितोय. डॉक्टर यासाठी बहुतेक नॉरएथिस्टेरॉन देतात, पण काही वहिनी घरात पडलेली माला-डीच दहा दिवस घेतात. लॅमोट्रिजिनवाल्या बाईची पातळी मग नेमकी त्याच दिवसांत खाली येते, वर आरत्या-भजनांची जागरणं, आणि झोप मोडली की फिट येते हे घरच्यांनी बघितलेलंच असतं. त्यामुळे दोन-तीन आठवडे आधी या, डॉक्टरांना विचारून घेऊ.

दुकानात येताना दोन्ही स्ट्रिपा घेऊन या आणि पाळण्याची गोळी कधी सुरू केली ती तारीख सांगा, आम्ही लॅमोट्रिजिनच्या पाकिटावर लिहून देतो, डॉक्टरांना तीच दाखवायची. सगळ्यांसमोर बोलायला नको वाटत असेल तर दुपारी दोननंतर या, तेव्हा काउंटरवर आमच्या वहिनी असतात.